कानाची खाज आणि काडी

पारावर चार माणसे बसलेली असतात. बोलता बोलता एकाचा हात कानाकडे जातो. तो करंगळी कानात घालून जोरजोराने हलवतो. तेवढ्याने भागत नाही. मग तो खिशातून आगकाडी काढतो. काडीचे टोक कानात फिरवतो. त्याचे डोळे मिटतात. तोंड वाकडे होते. त्याला मोठे बरे वाटते. घटकाभराने खाज पुन्हा सुटते आणि काडी पुन्हा कानात जाते.

काडीच पाहिजे असे नाही. कोणी केसातला आकडा घालतो. कोणी मोटारसायकलीची किल्ली घालतो. कोणी बाजारातून कापूस लावलेल्या काड्या आणतो. विचारले तर सगळे एकच सांगतात, "कानात मळ झालाय, तो काढतोय."

मंडळी, येथेच आपली गफलत होते. ज्याच्या कानाला रोज खाज सुटते, त्याच्या कानात बहुधा मळ जास्त झालेला नसतो. उलट काडीने खरवडून खरवडून मळ संपलेला असतो. खाज असते ती कानाच्या कातडीला. डोक्यात कोंडा होतो, तसाच कोंडा कानातही होतो. हातापायांवर इसब उठते, तसे इसब कानातही उठते. अशा कातडीवर काडी फिरवली, म्हणजे कोंड्याचे दुखणे जाऊन पुवाचे दुखणे येते. ते कसे येते आणि कसे टाळता येते, ते आता आपण पाहू.

कानाची नळी

कानाच्या भोकातून आत एक नळी जाते. ती मोठ्या माणसात सुमारे 1 इंच लांब असते. रुंदीला ती साधारण पेन्सिलीएवढी असते. ती सरळ नसते, थोडी वाकडी असते. नळीच्या शेवटी कानाचा पडदा असतो. आवाज त्या पडद्यावर आदळतो, म्हणून आपल्याला ऐकू येते.

या नळीला आतून कातडी असते. तोंडाजवळची कातडी जरा जाड असते. तेथे बारीक केस असतात. मळ तयार करणाऱ्या गाठीही तेथेच असतात. आतल्या भागाची कातडी मात्र फार पातळ असते. कांद्याचा आतला पापुद्रा कसा असतो, तशी. तिच्या खाली मांस नाही, चरबी नाही. लगेच हाड लागते. म्हणून तेथे थोडी जरी सूज आली, तरी तिला पसरायला जागा मिळत नाही आणि कान भयंकर ठणकतो.

आता मळाविषयी. मळ म्हणजे घाण नव्हे. तो कानाने स्वतःसाठी तयार केलेला लेप आहे. कौलारू घराला कौले असतात, म्हणून पाऊस आत येत नाही. मळ हे कानाच्या कातडीचे कौल आहे. तो तेलकट असतो, म्हणून पाणी कातडीत मुरत नाही. तो किंचित आंबटही असतो. आंबटपणात रोगजंतू सहज वाढत नाहीत.

मग हा मळ साठून साठून कान बुजत का नाही? कारण कानाची कातडी आपोआप आतून बाहेर सरकत असते. नख वाढते ना, तितक्याच संथ गतीने ती सरकते. ती आपल्याबरोबर जुना मळ आणि मेलेली कातडी घेऊन येते. कानाच्या तोंडाशी आल्यावर तो मळ गळून पडतो, किंवा आंघोळीच्या वेळी पुसला जातो. कान स्वतःच स्वतःला झाडून काढतो. आपण काडी घातली, तर थोडा मळ बाहेर येतो आणि बाकीचा आत पडद्याकडे ढकलला जातो.

खाज कशामुळे सुटते

कानाच्या खाजेची दोन कारणे फार आढळतात. एक कोंडा आणि दुसरे इसब.

प्रथम कोंडा घेऊ. आपल्या सर्वांच्या कातडीवर एक सूक्ष्म बुरशी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. जेथे कातडी तेलकट असते, तेथे ती जास्त राहते. म्हणजे डोके, भुवया, नाकाच्या दोन बाजूच्या खाचा, कानामागची खाच आणि कानाचे तोंड. बहुतेकांना तिच्यापासून काही त्रास होत नाही. काही माणसांच्या कातडीला मात्र ती सोसत नाही. मग कातडी लाल होते, खाजू लागते, आणि तिचे पिवळट तेलकट पापुद्रे सुटू लागतात. डोक्यात झाले की आपण त्याला कोंडा म्हणतो. कानात झाले तरी दुखणे तेच. थंडीच्या दिवसांत ते वाढते. जागरण आणि काळजी यांनीही वाढते. हा रोग लागट नाही. एकाच्या फणीने किंवा टॉवेलाने तो दुसऱ्याला होत नाही.

हे घरच्या घरी ओळखता येते. कानाला खाज असेल, तर डोके पाहा. भुवया पाहा. नाकाच्या बाजू पाहा. कान पुढे वाकवून मागची खाच दुसऱ्याला पाहायला सांगा. तेथेही लाली आणि पापुद्रे असतील, तर कानातली खाज कोंड्याचीच असण्याचा संभव फार.

आता इसब. इसबाची कातडी कोरडी पडते, भेगाळते. कधी तिच्यातून लस येते आणि मग खपली धरते. काहींना इसब लहानपणापासून असते. काहींना एखाद्या वस्तूचा स्पर्श सोसत नाही, म्हणून ते उठते. हलक्या धातूच्या कुड्या किंवा डूल घातले की काही बायकांच्या कानाच्या पाळ्या खाजतात, ओल्या होतात. केस काळे करण्याच्या कलपाने काहींच्या कानाभोवती इसब उठते. कमी ऐकू येते म्हणून कानात बसवलेल्या यंत्रानेही ते होऊ शकते. एवढेच काय, कानात टाकायच्या औषधानेही होऊ शकते. औषध सुरू केले आणि खाज उलट वाढली, असे झाले तर ते थेंब थांबवून डॉक्टरांना सांगावे.

इसबाचे कारण सापडले, तर अर्धे काम झाले. कुड्या काढल्या, कलप बंद केला, की पुष्कळदा पंधरा दिवसांत फरक दिसतो.

खाजवल्याने काय होते

खाज सुटली की खाजवावेसे वाटते. त्यात कोणाचा दोष नाही. पण खाजवल्याने तीन गोष्टी होतात. त्या एकामागून एक कशा येतात, ते नीट पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे खाज वाढते. खाजवताना कातडी दुखावते. दुखावलेली कातडी सुजते, लाल होते आणि अधिक खाजते. म्हणून आपण पुन्हा खाजवतो. महिनोन्‌महिने असे चालले, की कातडी जाड आणि राठ होते. राठ कातडी आणखी खाजते. बैल घाण्याला जुंपल्यासारखे हे चक्र चालू राहते. खाजवून खाज संपत नाही, ती वाढते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेप निघून जातो. काडी मळ खरवडून काढते. घरावरची कौले काढल्यासारखे होते. आता आंघोळीचे पाणी, विहिरीचे पाणी, पावसाचे पाणी सरळ कातडीला लागते. कोंड्याचे पापुद्रे ते पाणी धरून ठेवतात. आतली कातडी भिजून पांढरी आणि मऊ पडते. पावसात दिवसभर चिखलात उभे राहिले म्हणजे पायाची बोटे पडतात, तशी.

तिसरी गोष्ट म्हणजे कातडीला ओरखडा पडतो. तो इतका बारीक असतो, की रक्त दिसत नाही आणि त्या वेळी दुखतही नाही. पण जंतू त्याहून कितीतरी बारीक असतात. त्यांना तो ओरखडा म्हणजे उघडा दरवाजा. काही जंतू आपल्या कातडीवर आणि नखांखाली नेहमीच असतात. काही पाण्यात आणि ओलसर जागी असतात. कातडी धड असेपर्यंत ते बाहेर राहतात. दार उघडले की ते आत शिरतात. नळी आतून उबदार, अंधारी आणि ओली असते. तेथे त्यांची वाढ झपाट्याने होते. मग सूज येते, पू होतो आणि ठणका लागतो.

कोंडा, खाज, काडी, ओरखडा, पाणी, पू. ही सारी साखळी आहे. तिच्यातली काडी काढून टाकली, तर साखळी मध्येच तुटते.

एका शेतकऱ्याची हकीकत

मावळातल्या एका शेतकऱ्याचे असेच झाले. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही. आपण त्यांना दादा म्हणू. वय 45. अंगाने धडधाकट. थंडीत त्यांच्या डोक्यात कोंडा झाला. भुवयांतूनही भुसा पडे. दोन्ही कान खाजत. दादा रोज रात्री आगकाडीने कान कोरत. कानातून पिवळे पापुद्रे निघत. ते पाहून त्यांना वाटे, मळ निघतो आहे, कान साफ होतो आहे. उन्हाळ्यात खाज थोडी कमी झाली. पण काडीची सवय राहिली ती राहिलीच.

आषाढ लागला. भाताची लावणी सुरू झाली. दिवसभर डोक्यावर पाऊस. संध्याकाळी चिखल धुवायला दादा विहिरीत उतरत आणि दोन बुड्या मारत. कानात पाणी राहिले, की ते काढायला पुन्हा काडीच.

गुरुवारी उजवा कान फार खाजला. दादांनी तो खूप कोरला. शुक्रवारी खाज थांबली आणि दुखू लागले. शनिवारी भाकरी चावताना कानात कळ येऊ लागली. कान भरल्यासारखा वाटू लागला. ऐकू कमी येऊ लागले. त्या रात्री त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, लसूण घालून तेल कढवते. कोमट करून घालू या. बरं वाटेल."

तेल घातले. घटकाभर उबेने बरे वाटले. पण सूज इतकी आली होती, की तेल आत गेलेच नाही. ते तोंडाशीच साचून राहिले. त्याला पापुद्रे चिकटले. रविवारी कानातून घाण वासाचे पाणी आले. त्या कुशीवर उशी टेकवेना. दादांनी सारी रात्र बसून काढली.

सोमवारी ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी कानाची कड हळूच धरून वर ओढली. दादा ओरडले.

डॉक्टर म्हणाले, "दादा, कानात काय घालता?"

"काही नाही साहेब. आपली नेहमीची काडी."

"किती दिवस?"

"झालं की सहा-सात महिने."

डॉक्टरांनी दिवा लावून पाहिले. नळी सुजून जवळजवळ बंद झाली होती. थेंब टाकले असते, तर ते आत उतरले नसते. म्हणून त्यांनी आधी कान हलक्या हाताने साफ केला. मग कापडाची एक बारीक वात औषधात भिजवून नळीत सरकवली. त्या वातीवर थेंब टाकले, की औषध वातीतून आतपर्यंत झिरपते. त्यांनी दुखण्याची गोळी दिली. रक्तातली साखर तपासली. ती बरोबर होती. नंतर त्यांनी दादांची टोपी काढायला लावली. डोके पाहिले, भुवया पाहिल्या, आणि म्हणाले, "दादा, पू कानात आहे, पण रोगाचं मूळ डोक्यात आहे. तुमचा कोंडा गेला नाही, तर हा कान पुन्हा येईल."

मग ते दादांच्या पत्नीकडे वळले. "वहिनी, तेल घालू नका. दहा दिवस कानाला पाणी लागू देऊ नका. आणि घरातली काडी चुलीसाठीच ठेवा."

दोन दिवसांनी सूज उतरली. डॉक्टरांनी वात काढली. मग थेंब सरळ कानात टाकता येऊ लागले. चौथ्या दिवशी दादांना झोप लागली. आठवड्याने ऐकू नीट येऊ लागले. पण लावणीचे आठ दिवस गेले ते गेलेच. त्यांच्या वाटच्या कामाला मजूर लावावा लागला.

डॉक्टरांनी डोक्यासाठी औषधी शाम्पू दिला होता. तो दादांनी महिनाभर नेमाने लावला. डोके साफ झाले. भुवया साफ झाल्या. कानातली खाजही ओसरली. कानाला काही न करता कानाची खाज गेली, याचे दादांना फार नवल वाटले.

कोणते दुखणे, हे कसे ओळखावे

नुसती खाज आहे आणि पापुद्रे पडतात, तोवर ते कातडीचे दुखणे आहे. त्यात जंतू शिरले, की दुखू लागते. हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला, एक लहान टणक उंचवटा असतो. तो बोटाने हळूच दाबा. मग कानाची कड धरून हळूच वर ओढा. असे केल्याने कळ आली, तर नळीत सूज आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे जावे.

लहान मुलांचा कान सर्दीनंतर दुखतो, ताप येतो, कधी कान वाहतो. ते दुखणे बहुधा पडद्याच्या आतल्या बाजूचे असते. तेथे कान ओढल्याने कळ सहसा येत नाही. त्याचे औषध वेगळे. म्हणून मोठ्या माणसाचे थेंब मुलाच्या कानात टाकू नयेत.

पावसाळ्यात कानात दुसऱ्या जातीची बुरशीही धरते. तेव्हा खाज फारच सुटते, कान बंद वाटतो, आणि आत भिजलेल्या कागदासारखा लगदा साचतो. कधी त्यावर काळे ठिपके दिसतात. जंतू मारणाऱ्या थेंबांनी ही बुरशी मरत नाही. उलट तशा थेंबांनी ती पुष्कळदा वाढते. म्हणून मागच्या वर्षीची उरलेली बाटली काढून ती कानात टाकणे बरे नाही.

ज्यांना मधुमेह आहे, म्हणजे साखरेचा आजार आहे, त्यांनी तर फार जपावे. त्यांच्यात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, कानाच्या नळीतला पू कधीकधी खालच्या हाडात उतरतो. रात्री झोपू न देणारा ठणका लागतो, कान वाहायचा थांबत नाही, कधी त्या बाजूचे तोंड वाकडे होते. हे दुखणे जिवावर बेतू शकते. मधुमेहाच्या माणसाचा कान दुखू लागला, तर एक दिवसही वाट पाहू नये. आणि त्याने कानात काडी कधीच घालू नये.

कानामागे लाल सूज आली, ताप भरला, चक्कर आली, किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तरीही लगेच रुग्णालय गाठावे.

उपाय

उपाय मुळापासून करावा. डोक्यात कोंडा असेल, तर पहिला उपाय डोक्याचा. त्यासाठी केटोकोनाझोल नावाचे औषध असलेला शाम्पू मिळतो. तो कोंड्याच्या बुरशीला मारतो. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारून तो घ्यावा. आठवड्यातून 2 वेळा लावावा. डोके ओले करून शाम्पू केसांच्या मुळाशी चोळावा. लगेच धुऊ नये. 3 ते 5 मिनिटे तसाच ठेवावा आणि मग धुवावा. पुष्कळ लोक लावतात आणि लगेच पाणी ओततात. मग म्हणतात, गुण आला नाही. औषधाला काम करायला वेळ तर दिला पाहिजे. भुवया आणि कानामागची खाचही त्याच फेसाने धुवावी. डोळ्यांत आणि कानाच्या भोकात मात्र फेस जाऊ देऊ नये.

असे 2 ते 4 आठवडे करावे. कोंडा गेला, तरी पुढे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा लावावा. कारण ही बुरशी कातडीवर कायमचीच राहणारी आहे. ती समूळ जात नाही, ताब्यात ठेवता येते. शेतातले तण एकदा काढून भागत नाही, तसेच हे आहे. कोंडा फार असेल तेव्हा डोक्याला तेल थापून ठेवू नये. या बुरशीला तेलकटपणा मानवतो.

दुसरा उपाय कान कोरडा ठेवण्याचा. आंघोळीपूर्वी कापसाचा लहान बोळा घ्यावा. त्याला बाहेरून व्हॅसलीन चोपडावे. तो कानाच्या तोंडाशी बसवावा, आत खुपसू नये. आंघोळ झाली की काढून टाकावा. तरीही पाणी गेले, तर मान एका बाजूला कलती करून कानाची पाळी हलवावी. पाणी आपोआप गळते. मग पंचाच्या टोकाने बाहेरचा कान टिपावा. कान चिघळलेला असेल, तोवर विहिरीत, नदीत बुडी मारू नये.

तिसरा उपाय थेंबांचा. ते डॉक्टरांनी कान पाहून दिलेलेच घ्यावेत. कानाच्या पडद्याला भोक असेल, तर काही थेंब आतल्या भागाला अपाय करतात. ते भोक आपल्याला बाहेरून दिसत नाही. ज्याचा कान पूर्वी वाहत असे, त्याने हे डॉक्टरांना आधी सांगावे. नुसत्या खाजेसाठी डॉक्टर सूज उतरवणारे थेंब थोडे दिवस देतात. पू झाला असेल, तर जंतू मारणारे औषधही त्यात असते.

थेंब टाकायचीही रीत आहे. बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी चक्कर येते. दुखरा कान वर करून कुशीवर निजावे. कानाची कड वर आणि मागे ओढावी, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. सांगितले तितके थेंब टाकावेत. मग पुढचा उंचवटा दोन-चार वेळा हलकेच दाबावा, म्हणजे औषध आत उतरते. 5 मिनिटे तसेच पडून राहावे. दुखणे 2 ते 3 दिवसांत कमी व्हायला लागते. नाही झाले, तर पुन्हा दाखवावे. झाले, तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत. ठणका गेला म्हणून चौथ्या दिवशी बाटली ठेवून दिली, तर पू पुन्हा उलटतो.

दुकानातून आपल्या मनाने मलमाची ट्यूब आणून ती कानात भरणे बरे नाही. अशा कित्येक मलमांत तीन-तीन औषधे एकत्र असतात. त्यांनी खाज चार दिवस दबते. पण ती बराच काळ लावल्याने कातडी पातळ होते आणि मलम सोडले की खाज दुप्पट येते.

मग खाज सुटली तर काय करावे?

हा प्रश्न रास्त आहे. औषधाचा गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर खाज थोडीच थांबते?

खाज सुटली, तर कानाच्या पुढचा उंचवटा बोटाने दाबून धरावा आणि हलकेच गोल फिरवावा. किंवा तळहाताने सारा कान बाहेरून चोळावा. ओल्या फडक्याची गार घडी पिळून कानामागे धरावी. गारव्याने खाज कमी होते. दोन-तीन मिनिटे धीर धरला, तर खाजेचा जोर पुष्कळदा ओसरतो. नखे बारीक कापून ठेवावीत. ज्यांचा हात झोपेत कानाकडे जातो, त्यांनी तर ती कापावीतच. आणि आगपेटी, आकडा, किल्ली या वस्तू उशापाशी ठेवू नयेत. वस्तू हाताशी असली, की हात तिच्याकडे जातोच.

कानातून पिवळा भुसा पडलेला दिसला, तर तो मळ समजून आणखी कोरू नका. भिंतीचा गिलावा निघू लागला, तर आपण तो नखाने उकरत बसत नाही. ओल कोठून येते ते पाहतो आणि ती बंद करतो. कानाचेही तसेच करावे. डोक्यावर कोंडा आहे का पाहावे. कुड्या सोसत नाहीत का पाहावे. कलपाने होते का पाहावे. जे कारण सापडेल, त्याचा उपाय करावा.

दादांना पुढच्या थंडीत खाज पुन्हा आली. कोंडा परत येतोच, हे डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवले होते. त्यांनी टोपी काढून आरशात पाहिले. केसांत भुसा होता. त्यांनी शाम्पू आणला आणि आठवड्यातून दोनदा डोके धुतले. तीन आठवड्यांत खाज गेली. त्या आषाढात त्यांची लावणी त्यांनी स्वतः पुरी केली.